मदत हवी आहे: एक्स्पायरी माल स्टॉकमधून दोनदा वजा झाला, क्रेडिट नोटही कमी आली

प्राजक्ता_फार्मसी

नमस्कार मंडळी. मी फार्मासिस्ट आहे, दुकान घरचंच. वर्षभरापासून स्टॉक आणि हिशेब दोन्ही माझ्याकडे आलेत. दर महिन्याला रॅक तपासून मुदत संपलेला माल वेगळा काढते, खोक्यात भरून डिस्ट्रिब्युटरकडे पाठवते. आजवर रकमा लहान असायच्या, त्यामुळे क्रेडिट नोट येईल तशी चढवत गेले. या वेळी मात्र आकडे काही केल्या जुळत नाहीत.

रक्तदाबाच्या एका गोळीची बॅच आहे. १०० स्ट्रिपवर १० फ्री अशी स्कीम होती, दर ८०. म्हणजे बिल ८,००० चं आणि हातात आल्या ११० स्ट्रिप. ८८ विकल्या गेल्या, २२ उरल्या, तेवढ्यात मुदत संपली. मी लगेच सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक अ‍ॅडजस्टमेंट करून २२ स्ट्रिप काढून टाकल्या, १,७६० नुकसान दाखवलं. आठवड्याने माल पाठवायचा होता आणि सोबत डेबिट नोट हवी होती, म्हणून त्याच बॅचचं परचेस रिटर्न केलं. २२ गुणिले ८०, पुन्हा १,७६०. आता त्या बॅचचा साठा उणे २२ दिसतोय.

दोन महिन्यांनी क्रेडिट नोट आली ती १,४५४.५५ ची. सोबत दोन स्ट्रिप परत पाठवल्या आहेत, त्यावर लाल पेनाने "कट" लिहिलंय. खाली कसलाही खुलासा नाही. ३०५.४५ चा फरक कुठून आला, तो कुठे टाकायचा, आणि उणे साठा कसा दुरुस्त करायचा? दुकानातले आधीचे कागद बघितले तर दर वेळी असंच थोडं थोडं कमी आलेलं दिसतंय, म्हणून जास्त काळजी वाटते आहे.

विनय_मेडिकल

आमच्याकडे २१ दिवसांचं क्रेडिट मिळतं. नियमित पेमेंट असेल तर ३० दिवसही देतात. तुम्ही एकदा सेल्समनशी बोलून बघा.

प्राजक्ता_फार्मसी

विनयदादा, उधारीच्या मुदतीबद्दल नाही, परत पाठवलेल्या एक्स्पायरी मालाच्या क्रेडिट नोटबद्दल विचारते आहे.

हिशेबनीस

मी तीन मेडिकल दुकानांची पुस्तकं लिहितो. माझी पद्धत सरळ आहे. मुदत संपली की तो माल शून्य किमतीचा, पूर्ण रक्कम त्याच दिवशी नुकसानात. नंतर डिस्ट्रिब्युटरने जे दिलं ते उत्पन्नात. डेबिट नोट करायचीच नाही. म्हणजे दोनदा वजा व्हायचा प्रश्न येत नाही आणि पैसे येण्याआधी येणे दाखवल्याचा दोषही लागत नाही. तुमचं परचेस रिटर्न रद्द करा, साठा शून्यावर येईल. क्रेडिट नोट उत्पन्नाला जमा करा. विषय संपला.

जुना_स्टॉकिस्ट

हिशेबनीस, येणं आधी दाखवायचं नाही हे तुमचं म्हणणं बरोबर. पण मी बरीच वर्षं डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला बसून हेच क्लेम तपासलेत, म्हणून सांगतो, तुमच्या पद्धतीत माल पुस्तकातून गेलेला असतो आणि खोकं मात्र दुकानात पडून असतं. कोणती बॅच पाठवली, कोणती राहिली, कशाचे पैसे अजून यायचेत हे सांगणारा एकही कागद उरत नाही. सहा महिन्यांनी काउंटरखाली असं खोकं सापडतं. तोवर कंपनीची क्लेम घेण्याची मुदत उलटून गेलेली असते.

प्राजक्ताताई, आधी फरक कुठून आला ते बघू. तुमच्या क्रेडिट नोटेत चूक दिसत नाही.

तुम्ही ८,००० भरलेत आणि ११० स्ट्रिप घेतल्यात. म्हणजे एक स्ट्रिप तुम्हाला ७२.७३ ला पडली, ८० ला नाही. बिलावर ८० छापलंय म्हणून सॉफ्टवेअर फ्री स्ट्रिपसुद्धा ८० ची धरतं. डिस्ट्रिब्युटर असं धरत नाही, कारण त्याला कंपनीकडूनही स्कीम वजा करूनच मिळतं. आता २२ मधल्या दोन स्ट्रिप कापलेल्या होत्या, त्या त्याने घेतल्या नाहीत. राहिल्या २०. ८,००० भागिले ११० करून वीसने गुणलंत की १,४५४.५५. तुमचा आकडा तंतोतंत हाच आहे.

म्हणजे ३०५.४५ मधले १६० तुमच्या खिशातून कधी गेलेच नव्हते, ते फक्त स्टॉक रिपोर्टमध्ये होते. खरं नुकसान दोन कापलेल्या स्ट्रिपचं, १४५.४५.

प्राजक्ता_फार्मसी

काका, आत्ता कॅल्क्युलेटर घेऊन बसले, पैशासकट जुळलं! मी सरळ समजत होते की त्यांनी मनाला येईल तशी टक्केवारी कापली. मग विकलेल्या ८८ स्ट्रिपवरचा नफाही सॉफ्टवेअर कमी दाखवत असेल ना?

जुना_स्टॉकिस्ट

हो, अगदी बरोबर पकडलंत. ८८ गुणिले ७.२७, जवळपास ६४० ने कमी. खरेदी चढवताना फ्री नगांचा रकाना वेगळा भरून "फ्रीसह निव्वळ दर" असा काही पर्याय आहे का बघा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो, कुणी चालू केलेला नसतो.

आता नोंद. तुमच्याकडून चूक झाली ती क्रमात. मुदत संपली म्हणजे माल विकण्याजोगा राहिला नाही, पण तो अजून तुमच्याच ताब्यात आहे. म्हणून त्या दिवशी वजा करायचं नाही, फक्त जागा बदलायची. सॉफ्टवेअरमध्ये "एक्स्पायरी" नावाचं वेगळं गोदाम करा आणि माल तिकडे ट्रान्सफर करा. बिलिंगला ते गोदाम दिसणार नाही असं ठेवा. खोकं पाठवलं की त्याच गोदामातून परचेस रिटर्न. म्हणजे माल एकदाच बाहेर पडतो. आणि जे परत येईल, कुणीच घेणार नाही, तेवढंच शेवटी राइट-ऑफ.

तुमच्या बाबतीत पहिली अ‍ॅडजस्टमेंट उलटी करा, आजच्या तारखेने, "आधीची नोंद चुकीची" असा शेरा लिहून. जुनी नोंद पुसू नका. साठा शून्यावर येईल. मग परचेस रिटर्न दुरुस्त करून २० स्ट्रिपचं करा, दर ७२.७३, एकूण रक्कम मात्र १,४५४.५५ च ठेवा. ते क्रेडिट नोटेशी जुळेल आणि डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात लोंबकळत काही राहणार नाही. उरलेल्या दोन स्ट्रिप एक्स्पायरी गोदामात ट्रान्सफर करा, त्या तिथे दिसतील, आणि त्या खरोखर तुमच्याकडे आहेतच. त्यांची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावून पावती मिळाली की मगच १४५.४५ नुकसानात टाका. तोवर सीलबंद पाकिटात, विक्रीच्या रॅकपासून लांब. कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच नको.

हिशेबनीस

गोदामाची कल्पना पटली, मी ती वापरत नव्हतो. पण एक अडचण आहे. मूळ खरेदी मागच्या आर्थिक वर्षातली असेल आणि पुस्तकं बंद झाली असतील, तर बॅचचा दर आता ७२.७३ केला की मागच्या वर्षाचा नफा बदलेल. ते चालणार नाही.

जुना_स्टॉकिस्ट

हा मुद्दा अगदी योग्य. तशा वेळी बॅचचा दर तसाच राहू द्या. रिटर्न ८० नेच जाईल, १,६०० चं. त्यातून १,४५४.५५ आले की उरलेले १४५.४५ "स्कीम दर फरक" म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा.

प्राजक्ता_फार्मसी

थांबा, घोळ होतोय माझा. कट स्ट्रिपचे पण १४५.४५ आणि स्कीमच्या फरकाचे पण १४५.४५? एकच रक्कम दोनदा धरली का?

जुना_स्टॉकिस्ट

नाही, आकडे योगायोगाने सारखे आलेत. २० स्ट्रिपवर ७.२७ चा फरक म्हणजे १४५.४५. आणि दोन स्ट्रिप ७२.७३ ने म्हणजेही १४५.४५. जुना दर ठेवलात तर दोन कट स्ट्रिप राइट-ऑफ होताना १६० ने जातील. १४५.४५ अधिक १६०, पुन्हा तुमचे ३०५.४५. कोणत्याही बाजूने गेलात तरी बेरीज तीच यायला हवी. नाही आली तर नोंद चुकली समजा.

सुमेधा_के

माझा क्लेम तर पूर्णच नाकारला. शेरा होता, "बॅच आमच्या विक्रीत नाही". मी शपथेवर सांगते, माल त्यांच्याकडूनच येतो!

जुना_स्टॉकिस्ट

सुमेधाताई, तीच बॅच तुम्ही दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडूनही कधी घेतलीय का? टंचाईच्या दिवसांत जिथे मिळेल तिथून माल उचलला जातो आणि बॅच नंबर दोन्हीकडे एकच असतो. बॅचवार खरेदी रजिस्टर काढा, कुणाच्या कोणत्या बिलावर किती नग आलेत बघा. क्लेमवर बॅचशेजारी बिल नंबर लिहिला तर समोरच्याला नाकारायला जागा उरत नाही.

सुमेधा_के

काढलं. ४० एकाकडून, १५ दुसऱ्याकडून. उरल्यात १२. आता या १२ कुणाच्या?

जुना_स्टॉकिस्ट

स्ट्रिपवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे नक्की कुणालाच सांगता येणार नाही. दोघांपैकी कुणालाही त्याने विकल्यापेक्षा जास्त मागता येत नाही, एवढंच पक्कं. १२ दोघांच्याही मर्यादेत बसतात. फक्त एकाच मालाचा क्लेम दोघांकडे लावू नका, कंपनीकडे गेल्यावर ते उघडं पडतं.

हिशेबनीस

मी ज्याची खरेदी शेवटची, त्याच्याकडे लावतो. आधी आलेला माल आधी विकला असं धरून.

सुमेधा_के

माझी शेवटची खरेदी ज्याच्याकडची, त्याच्याशी आता व्यवहारच नाही...

विनय_मेडिकल

कट स्ट्रिपबद्दल माझा अनुभव सांगतो, या वेळी विषय नीट वाचलाय. आमचा मुलगा काउंटरवर गोळ्या कापून देताना नेमकी बॅच नंबरची बाजू गिऱ्हाइकाला द्यायचा. उरलेल्या तुकड्यावर ना बॅच ना तारीख. क्लेम तर गेलाच, पण रॅक तपासताना तो तुकडा कधीचा हेच कळेना, आणि असा तुकडा विकायला ठेवणं धोक्याचं. आता आम्ही छापील टोक आपल्याकडे राहील असं कापतो, गिऱ्हाइकाला बॅच आणि तारीख पाकिटावर लिहून देतो. कट स्ट्रिप शक्यतो त्याच आठवड्यात संपवतो.

प्राजक्ता_फार्मसी

विनयदादा, परत आलेल्या दोन स्ट्रिप आत्ता हातात आहेत. एकीत सहा गोळ्या, दुसरीत चार. चारवालीवर बॅच नंबरचे शेवटचे दोनच आकडे उरलेत. तुम्ही म्हणता तेच झालंय.

बॅकअप घेऊन नोंदी केल्या. खरेदी याच वर्षातली असल्यामुळे दर ७२.७३ केला. बॅचचा साठा शून्य, एक्स्पायरी गोदामात २, डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात या डेबिट नोटचं बाकी शून्य. काका, मनापासून आभार. आता मागच्या क्रेडिट नोटा एकेक करून स्कीमच्या बिलांशी लावून बघते आहे. पहिल्या तीनपैकी दोन अशाच जुळल्या. तिसऱ्यात स्कीम नव्हती, कट स्ट्रिपही नव्हती, तरी कमी आलंय.

जुना_स्टॉकिस्ट

तिसरीत क्रेडिट नोटेवर कर वेगळा दाखवलाय का बघा. तुम्ही करासकट मागितलं आणि त्यांनी कराशिवाय दिलं असं पुष्कळदा होतं.

प्राजक्ता_फार्मसी

कराचा रकाना रिकामा आहे. मग खरेदीवर घेतलेल्या कर-वजावटीचं काय करायचं?

हिशेबनीस

ते क्रेडिट नोट कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरेल. नोट आणि मूळ बिल घेऊन तुमच्या कर सल्लागाराकडे जा, इथे अंदाजाने सांगणार नाही.

प्राजक्ता_फार्मसी

सोमवारी जाते. काय म्हणतात ते इथेच लिहीन.