मदत हवी आहे: मराठी-इंग्रजी सबटायटल वाचायला वेळ पुरत नाही

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, चार मिनिटांचं ॲनिमेशन केलंय, आता मराठी आणि इंग्रजी सबटायटल एकत्र टाकतोय.

मानस म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा; त्यावरच्या एका वाक्यावर अडलोय: ‘भरती आली की मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात.’ आवाज ३ सेकंदांचा. सॉफ्टवेअर मात्रा, अनुस्वार सुटे धरून ५४ चिन्हं मोजतं, म्हणजे सेकंदाला १८, आणि लाल खूण करतं. मात्रेसकट अक्षर एकच धरलं तर ३९, म्हणजे १३. तुम्ही कुठला आकडा धरता? पुढे शांतता आहे, त्यामुळे ओळ सेकंदभर जास्त ठेवता येईल. पण शेजारच्या आजीला तेवढ्यानेही पुरलं नाही, कारण डोळे दोन भाषांत फिरतात!

स्वल्पविरामावर तोडलं तर मराठीच्या दोन आणि इंग्रजीच्या दोन, अशा चार ओळी होतात आणि मानशीचं दारच झाकलं जातं. १०८० च्या चौकटीत मराठी ५२, इंग्रजी ४४ पिक्सेल ठेवलंय. याहून लहान केलं की फोनवर अनुस्वार दिसत नाही; ओळी जवळ आणल्या की वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

वाक्य दोन सबटायटलांत तोडू, की भाषांच्या दोन वेगळ्या फाइल देऊ? पंचायतीच्या पडद्यावर मात्र दोन्ही भाषा एकदमच लागणार.