शाळाप्रवेशाची कागदपत्रं: कुठे अडलं, कसं सुटलं?

मीनल_क
नवऱ्याची बदली झाली, नाशिकहून कोल्हापूर. थोरली पाचवीला, धाकटा पहिलीला. शाळेने यादी दिली: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लसीकरण कार्ड, रहिवासी पुरावा. धाकट्याच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच आहे. बारसं व्हायच्या आधीच दवाखान्याने नोंद पाठवली होती. तुमचे अनुभव लिहा, आणि शाळेला हे सगळं कशाला लागतं तेही कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

कचेरीतला_माणूस
शाळेत लेखनिक होतो, म्हणून जरा लांबण लावतो. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होतात का, एवढंच बघायचं असतं तर आधारावरही भागलं असतं. जन्मदाखला लागतो तो जनरल रजिस्टरसाठी. प्रवेशाच्या दिवशी त्यात मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात लिहिली जाते आणि पुढे शाळा सोडल्याचा दाखला त्याच ओळीवरून उतरवतात. जन्मतारीख अंकात आणि अक्षरातही लिहितात, ती कुणी १ चा ७ करू नये म्हणून. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्तीचा प्रस्ताव करता येतो, पण दाखला घेऊन बाहेर पडल्यावर ते प्रकरण फार चिवट होतं. जात पडताळणीला लोक आजोबांच्या शाळेत याच रजिस्टरचा उतारा मागायला येतात.

तुमच्या धाकट्याचं सोपं आहे. जिथे जन्माची नोंद झाली तिथेच, म्हणजे नाशिकलाच, नाव नोंदवण्याचा अर्ज द्या. वर्षाच्या आत हे फुकट होतं, आता विलंब शुल्क पडेल. पंधरा वर्षांपर्यंत मुभा असते. मात्र इंग्रजी स्पेलिंग आधारावरचंच द्या.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
स्पेलिंगचं शंभर टक्के खरं! आमच्या ईशानच्या दाखल्यावर सुरुवातीला आय, आधारवर दोन ई. शाळेच्या यूडायस पोर्टलवर आधार जुळेचना. शेवटी दाखल्याप्रमाणे आधार बदललं, कारण उलटं करणं जास्त कटकटीचं होतं.

रावसाहेब७२
जन्मदाखल्याचं निभतं हो, पण एलसीशिवाय कुठलीच शाळा दारात उभं करत नाही. नियमच आहे तसा.

सुप्रिया_तळेगाव
रावसाहेब, आठवीपर्यंत तसं नाही. आमच्या जुन्या शाळेने फीच्या वादावरून सहावीतल्या मुलाचा दाखला अडवला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. (हे कलम सरकारी आणि अनुदानित शाळेत जाणाऱ्यांसाठी आहे. आमची नवी शाळा अनुदानित होती.) बाईंनी लेखी अर्ज घेऊन त्याला वर्गात बसवलं. दाखला मात्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केल्यावरच हलला. तोवर मूल ऑनलाइन जुन्याच शाळेच्या पटावर दिसत होतं. दोन्ही पटांवर एकच मूल राहू नये, शिक्षकसंख्या पटावर ठरते, म्हणून नवी शाळा दाखल्याच्या मागे लागते हे तेव्हा कळलं.

रावसाहेब७२
असेल. माझा नातू नववीत होता.

सुप्रिया_तळेगाव
मग तुमचं प्रकरण वेगळं. नववीला कलम ५ चा आधार नाही.

गणेश_पिंपरी
शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांत आमचा नंबर लागला होता पण भाडेकरार नोंदणीकृत नाही म्हणून पडताळणीत बाद झाला. साध्या स्टँपपेपरवरचा करार चालत नाही. तुमच्या लॉटरीची यादी कधी आहे?

मीनल_क
गणेश, आम्ही २५ टक्केवाल्या प्रवेशात नाही हो, नेहमीचाच प्रवेश आहे.

कचेरीतला_माणूस
गणेश, पत्ता एवढा तपासायचं कारण अंतर. त्या योजनेत घरापासून शाळा किती लांब यावर नंबर लागतो, मग लोक शाळेजवळच्या मावशीचा पत्ता देतात. मीनलताई, तुम्हाला वीजबिल किंवा करार दाखवून पुरेल.

नर्सताई_उपकेंद्र
लसीच्या कार्डावर कुणीच बोललं नाही! शाळेत आलेली बरीच मुलं पाच वर्षांच्या डीपीटी बूस्टरवर अडकलेली असतात. दीड वर्षाचा डोस झाला की आया कार्ड कपाटात टाकतात. पहिलीच्या वयातच तो बूस्टर असतो, म्हणून प्रवेशाच्या वेळी कार्ड बघणं सोयीचं. वर्गात गोवर निघाला तर कुणाचे डोस राहिलेत तेही त्यावरून लगेच समजतं. कार्ड हरवलं असेल तर लस दिली त्या केंद्राच्या रजिस्टरवरून नोंद मिळते. खाजगीत घेतली असेल तर त्या डॉक्टरांकडे विचारा.

पोहे_विदाऊट_शेंगदाणे
पण कार्ड नसेल तर प्रवेश नाही, असा कायदा आहे ना?

नर्सताई_उपकेंद्र
मी तरी कार्डावरून कुणाला परत पाठवलेलं पाहिलं नाही. डोस राहिला असेल तर आमच्याकडे पाठवतात, एवढंच.

वकीलीण
एक शंका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. पण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच. वीटभट्टीवरच्या, नोंद न झालेल्या मुलाच्या बाबतीत मुख्याध्यापकांनी यातलं कोणतं धरायचं?

कचेरीतला_माणूस
मी तर मुलाला आधी वर्गात बसवून रजिस्टरात पेन्सिलीने लिहिलं असतं. पण पोर्टलवर पेन्सिल चालत नाही, तिथलं आताच्या लेखनिकांनीच सांगावं.