मदत हवी आहे: गांधाराची तरफ उत्तर देत नाही

माझ्या सतारीचा मध्य षड्ज काळी एकला, म्हणजे सुमारे २७७ हर्ट्झवर आहे. तरफेच्या तारा यमनला लावल्या आहेत. बाजाच्या तारेवर षड्ज किंवा पंचम छेडला की त्या त्या स्वराची तरफ लगेच गुंजते, शुद्ध गांधाराची मात्र मुकी राहते. तिच्यावर कागदाचा चिमुकला तुकडा घडी घालून ठेवला, तर पडद्यावरच्या गांधाराला तो हलतही नाही. पण बाजाची तार किंचित ओढून सूर केसभर चढवला की तो थरथरून खाली पडतो.

यावरून तरफ पडद्यापेक्षा चढी आहे हे उघड आहे. ती मी मोबाइलच्या ट्यूनरवर, पेटीच्या समान अंतरांच्या हिशोबाने ३४९.२ हर्ट्झला मिळवली होती, आणि पडदा कानाने लावलेला आहे. षड्जाच्या सव्वापट स्वयंभू गांधार जेमतेम ३४६.५ वर येतो.

पडद्याला हात न लावता तरफच उतरवावी असे मला वाटते. हे योग्य आहे का? शिवाय, कंपनसंख्या जुळल्यावरही प्रतिसाद क्षीण राहिला, तर तरफेच्या घोडीची जवारी तपासावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.