सारांश, गोषवारा की इतिवृत्त? एकाच मीटिंगच्या तीन प्रतींना काय म्हणायचं

मीनल (प्रश्नकर्ती): आमच्या कंपनीत आता सगळ्या मीटिंगा रेकॉर्ड होतात आणि ट्रान्स्क्रिप्ट माझ्याकडे येतं. मागची मीटिंग 70 मिनिटांची होती, ट्रान्स्क्रिप्ट 7,900 शब्दांचं निघालं. त्याच्या तीन प्रती करायच्यात, एक डायरेक्टर साहेबांना, एक टीमला, एक रेकॉर्डला ठेवायला. तिन्हीला फाइलचं नाव मी 'सारांश' दिलं तर साहेबांनी चुकून टीमवाली उघडली आणि चार पानं वाचून चिडले. तर मराठीत तिघींना वेगवेगळे शब्द आहेत का, आणि प्रत्येकीची लांबी साधारण किती ठेवता तुम्ही लोक?

तात्या_नाशिक: सोपं आहे. इतिवृत्त म्हणजे सगळं शब्दशः, गोषवारा म्हणजे मधलं, सारांश म्हणजे सगळ्यात छोटं. सारांश मूळच्या दहा टक्के ठेवायचा, शाळेत एकतृतीयांश शिकवायचे पण ऑफिसात दहा पुरे.

दप्तरवाली: तात्या, अर्धं बरोबर आहे तुमचं. इतिवृत्त शब्दशः नसतं हो. मी 22 वर्षं कंपनी सेक्रेटरीच्या हाताखाली काढली, बोर्ड मीटिंगच्या मिनिट्सना आम्ही इतिवृत्तच म्हणायचो आणि त्यात काय घडलं, काय ठरलं याचा खरा आणि नेमका सार असतो, तृतीय पुरुषात, भूतकाळात. 'अध्यक्षांनी विचारणा केली' असं, 'अध्यक्ष म्हणाले अरे हे काय चाललंय' असं नाही. शब्दशः असतं ते ट्रान्स्क्रिप्ट.

गोषवाऱ्याचंही सांगते, शब्द फारसीतला, मूळ अर्थ कानातला दागिना, आपल्याकडे रुळला तो हिशेबाच्या कामात. खतावणीच्या शेवटी आकड्यांचा गोषवारा. म्हणून आजही तो शब्द ऐकला की लोकांना तक्ता दिसतो, कोणाकडे किती, कधीपर्यंत. तुमच्या टीमच्या प्रतीला अगदी चपखल बसतो बघा. आणि टक्क्यांचं गणित सोडून द्या. 7,900 चे दहा टक्के म्हणजे 790 शब्द, डायरेक्टर नाही वाचणार. लांबी मूळ मीटिंगवरून नाही, वाचणारा त्यावर काय करणार आहे यावरून ठरवायची.

सोसायटीवाले काका: आमच्या सोसायटीत इतिवृत्त वाचून दाखवलं की दरवेळी भांडण होतं, मी बोललेलं लिहिलंच नाही म्हणून. यावेळी पार्किंगचा विषय होता...

दप्तरवाली: काका, तो विषय वेगळा काढा, पण तुमचं दुखणं इथे लागू आहे. 'मी बोललो ते कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात नसतं, ते शब्दशः प्रतीत असतं. म्हणून ती ठेवायची.

अनुवादप्रेमी: ट्रान्स्क्रिप्टला भाषांतर म्हणणं योग्य होईल ना? इंग्रजी-मराठी मिक्स बोलतात तर भाषांतर करावंच लागेल.

मीनल: नाही हो, भाषांतर नाही करायचं, बोललेलं जसंच्या तसं उतरवलेलं आहे. दप्तरवाली ताई, नमुना दाखवाल का? मीटिंगमधला महत्त्वाचा तुकडा देते, रबर सीलचा नवा सप्लायर घ्यायचा की नाही यावर:

पर्चेस: नव्याकडे पीसमागे 1.80 रुपये कमी पडतात.
क्वालिटी: पण 500 पीसची ट्रायल झाल्याशिवाय मी सही देणार नाही.
प्लांट हेड: बरोबर आहे. ट्रायल नीट झाली तर मग बघू.
पर्चेस: ठीक आहे, आपण परवा सॅम्पल मागवू.

यावरून मी साहेबांना लिहिलं, 'नवीन सप्लायरला मान्यता, पीसमागे 1.80 रुपयांची बचत.' एका ओळीत बसलं म्हणून मला बरं वाटलं. तर साहेबांनी तेवढं वाचून जुन्या सप्लायरची ऑर्डर थांबवायला सांगितलं.

दप्तरवाली: अगं बाई. हेच होतं, छोटं करताना 'तर' गळतो. आणि 'बघू' हा शब्द जपून हाताळायचा, मराठीत 'बघू' म्हणजे होकार नाही, कित्येकदा सौम्य नकारच असतो. त्याचं 'मान्य' करायचा अधिकार लिहिणाऱ्याला नाही. साहेबांची प्रत अशी लिहिली असती मी: 'नवीन सप्लायरबद्दल निर्णय झालेला नाही. 500 पीसची ट्रायल पास झाल्यावर निर्णय घेणार. पास झाल्यास बचत पीसमागे 1.80 रुपये. तोपर्यंत जुनी ऑर्डर चालू. आपल्याकडून आत्ता काही नको.' शेवटचं वाक्य विसरू नको, त्यांना आपण काही करायचंय का हेच आधी बघायचं असतं. असे तीन-चार विषय, सगळे मिळून 150 शब्द, एका मिनिटात वाचून होतील, मेलमध्येच टाक, अटॅचमेंट नको. याला सारांश म्हण.

गोषवारा टीमला, 400 ते 500 शब्द, काम-माणूस-तारीख असा तक्ता आणि वर दोन ओळी की असं का ठरलं, नाहीतर महिन्याने तोच वाद पुन्हा. इथे दोन शब्द सोडवायचे. 'आपण सॅम्पल मागवू' मधला 'आपण' म्हणजे कोण? बोलताना सगळ्यांना कळतं, कागदावर कुणालाच नाही, म्हणून तिथे माणसाचं नाव. आणि 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही, मीटिंग 12 मार्चला असेल तर सरळ 14 मार्च लिही. नाव नक्की माहीत नसेल तर बोलणाऱ्याला विचार, अंदाजाने टाकू नकोस. प्रत्येक ओळीपुढे ट्रान्स्क्रिप्टमधली वेळ टाकलीस, 41:20 अशी, तर शंका आली की शोधता येतं.

रेकॉर्डरूम: मी फॉरमॅटबद्दल बोलतो. ठेवायच्या प्रतीत 'आपण' आणि 'परवा' तसेच राहू द्या, दुरुस्त करू नका, फक्त वर मीटिंगची तारीख, हजेरी आणि ट्रान्स्क्रिप्ट कोणी तपासलं ते लिहा. 'अं', 'म्हणजे' काढले असतील तर तसं लिहा. बोलणारा बदलला की नवी ओळ, पुढे वेळ. पीडीएफ-ए करा, म्हणजे वर्षानुवर्षं जपून ठेवायच्या फाइलींसाठीचा पीडीएफ, पण नुसत्या पीडीएफवर विसंबू नका, त्यातून देवनागरी मजकूर कॉपी केला की काना-मात्रा इकडेतिकडे होतात आणि सर्चमध्ये 'सप्लायर' सापडत नाही. म्हणून सोबत युनिकोडमधली साधी टेक्स्ट फाइल ठेवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आमच्याकडे अशी कपाटभर सीडी पडून आहे. आणि आधी ही प्रत पक्की करा, मग बाकीच्या दोन, नाहीतर वेळा जुळत नाहीत.

तात्या_नाशिक: इतिवृत्ताबद्दल मान्य, मी चुकलो. पण मग तिसरीला नाव काय? 'दप्तरी प्रत' कसं वाटतं?

दप्तरवाली: छान आहे, पण सरकारी कामात 'दप्तरी दाखल' म्हणजे विषय मिटला, फाइल बंद. लोकांना वाटेल सप्लायरचा विषय संपला. मी 'शब्दशः प्रत' म्हणेन.

रेकॉर्डरूम: 'अं' काढून टाकले तर ती शब्दशः कशी? मला 'मूळ प्रत' बरी वाटते.

तात्या_नाशिक: मूळ तर रेकॉर्डिंग आहे ना!

मीनल: सारांश आणि गोषवारा पक्के झाले, तिसरीला तूर्त फाइलवर 'पूर्ण नोंद' लिहितेय. जुनी ऑर्डर परत चालू करायचा मेल सकाळीच गेलाय, यावेळी 'ट्रायल पास झाली तरच' हे पहिल्याच ओळीत घातलंय. एक राहिलं, मीटिंगमध्ये एकाने दुसऱ्या टीमबद्दल जरा तिखट बोललेलं आहे, ते पूर्ण नोंदीत तसंच ठेवायचं का?

दप्तरवाली: ठेवायचं, पण ती फाइल कोणाकोणाला उघडता येईल ते आधी ठरव.

सोसायटीवाले काका: आमच्याकडे तेच काढलं म्हणून भांडण झालं, आणि ठेवलं असतं तरी झालंच असतं.