छेदातून १ वजा झाला की तुलना उलटी का पडते?

«1/(x²−1) हे 1/x² पेक्षा मोठे आहे, मग 2 ते ∞ हे इंटिग्रल अभिसारी आहे असे तुलनेने म्हणता येईल का?»

तुम्ही घेतलेल्या असमतेवरून म्हणता येणार नाही. अभिसारी फलापेक्षा मोठे असणे कशाचाच पुरावा नसतो. वरून झाकणारे फल हवे. लातूरला शिकवणीत उत्तरपत्रिका तपासताना मला हीच चूक वारंवार दिसते, आणि उत्तर योगायोगाने बरोबर येत असल्याने ती मुलांच्या लक्षातही येत नाही.

झाकण 1/x² चेच करायचे, फक्त त्याला थोडा मोठा गुणक द्यायचा. x ≥ 2 असताना x²/4 हे 1 पेक्षा कमी नसते, म्हणून x²−1 ≥ (3/4)x², आणि त्यामुळे 1/(x²−1) ≤ 4/(3x²). उजव्या बाजूचे 2 ते ∞ इंटिग्रल (4/3)·(1/2) = 2/3 इतके सांत आहे, म्हणून आपलेही अभिसारी ठरते. आंशिक अपूर्णांकांनी नेमके मूल्य (1/2)ln 3, म्हणजे सुमारे 0.549 येते, ते तुमच्या 1/x² च्या 0.5 च्या वर आणि झाकणाच्या 0.667 च्या खाली बसते.

मात्र खालची सीमा 2 ऐवजी 1 असती, तर छेद तिथेच शून्य होतो आणि x=1 जवळ फल 1/(2(x−1)) सारखे वागून इंटिग्रल अपसारी होते. अनंताकडची तुलना कितीही चोख असली तरी या टोकाची तपासणी वेगळी करावी लागते.