अनुभव धागा: रिपीटर, लातूर आणि रविवारची चाचणी

परभणीची मावशी: माझी भाची लातूरला नीटच्या रिपीटर बॅचला आहे. शनिवारी संध्याकाळपासून तिला धडधड सुरू होते, हात गार पडतात, मेसचं जेवण जात नाही. हल्ली ती चाचणीलाच जात नाही, अभ्यास मात्र दिवसभर करते. यातून गेलेल्यांनी सविस्तर लिहा.

आता एमबीबीएसला: मावशी, माझंही नीटच्या तयारीच्या दुसऱ्या वर्षीच सुरू झालं. फिजिक्सचा पहिला प्रश्न अडला की श्वास भरभर चालायचा, बोटांना मुंग्या यायच्या, वाचलेलं डोक्यात शिरायचं नाही. डॉक्टरांनी ईसीजी आणि थायरॉइड बघून सांगितलं की हृदय ठीक आहे. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या त्याच्या. चाचणी बुडवली की लगेच हायसं वाटतं, आणि त्यामुळेच पुढच्या रविवारी भीती जास्त येते, हे मला समुपदेशक ताईंनी दाखवून दिलं. त्यांनी पायऱ्या करून दिल्या. आधी रूमवर जीवशास्त्राचे ४५ प्रश्न, घड्याळाशिवाय. मग तेच घड्याळ लावून, मग अभ्यासिकेत चारचौघांत, शेवटी क्लासमध्ये पूर्ण १८० प्रश्न, पण निकाल न बघता. धडधड थांबायची वाट बघायची नाही. ती चालू असतानाही पेपर सोडवता येतो हे पटलं की पुढची पायरी. पेपरात जीवशास्त्र आधी घ्यायचे, अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचे. गुण लगेच वाढले नाहीत, पण घाबरून ठोकलेली उत्तरं कमी झाली आणि प्रत्येक चुकीमागे जाणारा एक गुण वाचू लागला.

नांदेडकर: हे सगळं चहा आणि जागरणाचं. मी रात्रीचा चहा बंद केला, सगळं गेलं.

आता एमबीबीएसला: दादा, चहानं धडधड वाढते हे खरं. पण माझा चहा सुटल्यावरही रविवार तसाच जायचा.

बारावीचा पालक: राज्य कोट्यात रिपीटरचे गुण कापतात का?

आता एमबीबीएसला: नाही काका, नीटमध्ये रिपीटरचे गुण कापत नाहीत.

कोल्हापूरचे बाबा: मी रोज रात्री फोनवर "किती पडले?" विचारायचो. मुलगा फोनच उचलेना. आता बुधवारी एकदा बोलतो, गुणांचा विषय त्यानं काढला तरच. मला ते अजून जड जातं, पण तो बोलतो.

घरी परतलेली: पायऱ्या सगळ्यांना पुरत नाहीत. मला झोपच नव्हती, जगायला नको असे विचार यायचे. रूममेटनं रात्रीच १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला आणि आईला बोलावून घेतलं. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांचा फरक पडायला काही आठवडे गेले. मावशी, भाचीला असे विचार येतात का, हे तिला सरळ विचारा. विचारल्यानं ते येत नाहीत.

आता एमबीबीएसला: हे आधी विचारायलाच हवं. तसं नसेल तर तिनं लातूर सोडू नये, घरी गेल्यावर चाचणी आणखी लांब जाते.

घरी परतलेली: मला नाही पटत. मी घरूनच पुढची परीक्षा दिली, आईच्या हातचं जेवून, आणि झोपून.