जातं नाही, मग ओवीची चाल कशाला?

सुनंदा, दारव्हा: मी कापूस वेचणाऱ्या बाईवर ओवी लिहिली, ग्रुपवर टाकली तर म्हणे चाल नाही. आता घराघरात चक्कीचं पीठ येते, मग जात्याची चाल धरून काऊन बसायचं? ओवी अशी:

कापूस वेचते बाई दिवसभर उन्हात
तिच्या कष्टाची किंमत कोणालाच कळत नाही

गजानन: ताई, ओवी म्हणजे साडेतीन चरण, पहिल्या तिघांना यमक आन् शेवटचा आखूड. तुमचे दोनच दिसतात, म्हणून चुकली.

रेखाताई: गजाननभाऊ, तो नियम पोथीतल्या ओवीचा, ज्ञानेश्वरीतल्या. जात्यावरची बहुतेक दोन ओळींचीच असते, हेमा राईरकरांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत त्या चाळून पाहा. सुनंदा, दोन ओळी ठीकच आहेत, पण यमक नाही, अन् दुसरी ओळ भाषण झाली. कष्ट म्हणू नको, कष्ट दाखव. पहाटे दव असतं तवा कापूस भारी होते, मजुरी किलोवर, आन् मालक वजनातून दव कापते. तेच घे:

पहाटे वेचला बाई, ओटी झाली भारी
दवाचं वजन कापून, हाती देते मजुरी

अक्षरं मोजशील तर चौदा आन् सोळा, जुळतच नाही. पण म्हणून पाहा: पहाटे, वेचला बाई, ओटी झाली, भारी. खाली दवाचं, वजन कापून, हाती देते, मजुरी. दोन्हीकडे जातं ओढतानाचे चार झोके. आखूड झोक्यात स्वर लांबवायचा, 'भारीऽऽ', तेवढ्यात मूठ जात्यात पडते. 'बाई', 'गं' हे झोका भरायलेच असतात, पण प्रत्येक ओळीत नको टाकू, मंग मचमच होते.

बेबीताई: आमचं जातं घासते नुसतं, डाळ भरडतच नाही, टाकी लावणारा कोणी आहे का इकडं?

रेखाताई: बेबीताई, पाथरवटाले विचारा, आठवडी बाजारात एखादा भेटते. पण इथं विषय गाण्याचा चालू आहे बाप्पा.

मंगेश: मले नाही पटत. ओढायचा जोर होता म्हणून चाल होती, आता शेतात वाकून वेचायचं, तिथं हात वेगळा चालते. वेचणीची चाल वेचणीतूनच निघाली पाहिजे, नाहीतर ही जुन्याची नक्कल. आन् मालक सगळेच दव कापत नाहीत, आम्ही दुपारनंतरच वेचायले लावतो.

रेखाताई: मंगेश, तुमच्या शेतातल्या बाया वेचताना म्हणतात काय काही? रेकॉर्ड करून टाका ना इथं.

मंगेश: मोबाईलवर गाणी लावतात.

सुनंदा: रेखाताई, 'मजुरी' म्हणताना दम तुटते माह्या, 'हाती देते' वरच संपते. 'मजुरी'तला 'जू' ओढू का?

रेखाताई: ओढ. नाहीच जमलं तर 'देते' काढ, 'हाती मजुरी' म्हण. मग तिसरा झोका 'हातीऽ' वर लांबवावा लागते, दोन्ही करून पाहा.

गजानन: पण शेवटचा आखूडच छान वाटते 🙂